इंटर्नशिपमध्ये आजारी पडलात आणि असाइनमेंट राहिलं? मुदतवाढीचा अर्ज असा लिहा

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप सुरू झाली की पावसाळ्यात दर आठवड्याला एखादा तरी अर्ज टेबलावर येतो आणि बहुतेक अर्ज सारखेच असतात. "प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी असाइनमेंट वेळेत पूर्ण करू शकले नाही, तरी मुदत वाढवून मिळावी ही नम्र विनंती." बस, एवढंच. कुठलं असाइनमेंट, किती झालंय, किती राहिलंय, कधी देणार, काहीच नाही. मग मॅडम बोलावून घेतात, विचारतात, परत लिहून आणायला सांगतात आणि यात दोन-तीन दिवस जातात जे आजारातून उठलेल्या मुलीकडे किंवा मुलाकडे मुळातच नसतात.

या अर्जात आजाराला दोन ओळी पुरतात. बाकी सगळा अर्ज राहिलेल्या कामाचा आणि नव्या तारखेचा असतो. आजार खरा आहे का हे सर्टिफिकेट सांगतं, पण तुम्ही सांगितलेल्या तारखेला काम खरंच होईल का हे फक्त तुमचा अर्ज सांगू शकतो आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना तेच बघायचं असतं, कारण त्यांनाही अंतर्गत गुण ठरलेल्या दिवशी पुढे पाठवायचे असतात.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलंय. विज्ञान पद्धतीची एक छात्राध्यापिका, इयत्ता आठवीचा वर्ग, पटावर ४२ मुलं. असाइनमेंट घटक चाचणीचं, म्हणजे संविधान तक्ता, प्रश्नपत्रिका, चाचणी घेणं, पेपर तपासणं, प्रश्ननिहाय विश्लेषण, एक उपचारात्मक पाठ आणि अहवाल. सबमिशन २० ऑगस्टला. सोमवारी ३ ऑगस्टला ताप आला, डेंग्यू निघाला, १२ तारखेपर्यंत विश्रांती, १३ ला परत शाळेत.

टप्पा १: पहिल्याच दिवशी मेसेज

अर्ज नंतर लिहायचा, पण कळवायचं पहिल्याच दिवशी आणि दोघांना कळवायचं, शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांना आणि कॉलेजच्या मॅडमना किंवा सरांना. मुलं शाळेत कळवतात आणि कॉलेज विसरतात. मग मॅडम पाठ निरीक्षणाला शाळेत येतात आणि वर्गात दुसरंच कोणीतरी शिकवत असतं. नंतर अर्ज कितीही चांगला लिहिला तरी ती नाराजी राहतेच.

मेसेज छोटा ठेवा: "मॅडम, नमस्कार. मला आज सकाळपासून ताप आहे, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय. आज आणि उद्या शाळेत येऊ शकणार नाही, मुख्याध्यापकांना कळवलं आहे. बुधवारी आठवीची घटक चाचणी होती, ती पुढे जाईल. रिपोर्ट आला की कळवते."

यात चाचणीचा उल्लेख आहे बघा. तो महत्त्वाचा, कारण नंतर अर्ज आला तेव्हा "हे आधी का नाही सांगितलं" हा प्रश्न उरत नाही. ताप जास्त असेल तर घरच्या कोणाकडून तरी पाठवा, चालतं. मेसेज जपून ठेवा, डिलीट करू नका.

*लक्षात ठेवा: मेसेज म्हणजे अर्ज नाही. मॅडमनी "ठीक आहे, काळजी घे" असा रिप्लाय दिला म्हणजे मुदत वाढली असं अजिबात नाही.*

टप्पा २: हजेरी आणि असाइनमेंट वेगळं करा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तुमच्या आजारामुळे दोन वेगळ्या गोष्टी बिघडल्यात. एक, शाळेतले दिवस गेलेत. दुसरी, असाइनमेंट राहिलंय. पहिल्याचा अर्ज मुख्याध्यापकांकडे आणि प्राचार्यांकडे जातो, दुसऱ्याचा मार्गदर्शक प्राध्यापकांकडे. दोन्ही एकाच कागदावर कोंबलं की तो कागद इकडून तिकडे फिरत बसतो आणि कोणीच पूर्ण निर्णय देत नाही.

हजेरीचा हिशेब तर लगेच करा. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे बी.एड.ला बाकीच्या तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी चालते पण शालेय इंटर्नशिपला ९० टक्के लागते. दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप १६ आठवड्यांची. आठवड्याला सहा दिवस धरले तर ९६ दिवस होतात आणि त्यात ९ दिवस गैरहजर राहिलात तर ९० च्या जेमतेम वर राहता, दहावा दिवस गेला की खाली. पण हे सुट्ट्या न धरता. श्रावणातले सण, स्थानिक सुट्ट्या वजा करून शाळेचे प्रत्यक्ष दिवस ८८ भरले तर ९ दिवसांची गैरहजेरी सुद्धा जास्त होते.

आपल्या उदाहरणात ३ ते १२ ऑगस्ट म्हणजे दहा दिवस, मधला एक रविवार सोडला तर शाळेचे ९ दिवस गेले. म्हणजे ही मुलगी अगदी काठावर आहे. तिने भरपाईचे दिवस कधी आणि कुठल्या शाळेत करायचे हे प्राचार्यांना वेगळ्या अर्जात विचारायचं. असाइनमेंटच्या अर्जात त्याबद्दल फक्त एक ओळ: "हजेरीबाबत स्वतंत्र अर्ज केला आहे."

टप्पा ३: कागद गोळा करा, पण नेमकेच

डॉक्टरांकडून दोन गोष्टी लागतात. आजाराचं आणि विश्रांतीच्या काळाचं सर्टिफिकेट, आणि परत कामावर जायला हरकत नाही असं फिटनेसचं. काही डॉक्टर दोन्ही एकाच कागदावर देतात, ते चालतं. दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी तिथेच उभं राहून तपासा:

- तुमचं नाव कॉलेजच्या रेकॉर्डप्रमाणेच आहे का. लग्नानंतरचं नाव एकीकडे आणि आधीचं दुसरीकडे ही अडचण खूपदा येते.
- विश्रांती कधीपासून कधीपर्यंत, दोन्ही तारखा आहेत का. नुसतं "दहा दिवस विश्रांती" असेल तर तारखा घालून घ्या.
- डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे का. सर्टिफिकेटवर हा क्रमांक लिहिणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, त्यामुळे मागायला लाजू नका.

रक्ताचे सगळे रिपोर्ट, प्लेटलेट्सचे रोजचे आकडे, औषधांची बिलं, सलाईन लावलेला फोटो, हे काही जोडू नका. मॅडमना त्याचं काही करायचं नसतं आणि तुमची खाजगी माहिती उगाच फाईलमध्ये पडून राहते. आजार सांगावासा वाटत नसेल, म्हणजे स्त्रियांच्या तक्रारी असतील, मानसिक त्रास असेल, तर अर्जात फक्त "वैद्यकीय कारणामुळे" लिहा आणि सर्टिफिकेट प्रत्यक्ष भेटून दाखवा. हे पूर्णपणे योग्य आहे आणि समजूतदार मार्गदर्शक त्यावर जास्त विचारत नाहीत.

*सावध: मागची तारीख टाकून सर्टिफिकेट घेऊ नका. शाळेच्या हजेरीपत्रकावर तुमची सही असलेल्या दिवशीच सर्टिफिकेट तुम्हाला अंथरुणावर दाखवत असेल तर आजार खरा असूनही सगळंच खोटं ठरतं. अर्ज द्यायच्या आधी दोन्हीच्या तारखा शेजारी ठेवून बघा.*

टप्पा ४: राहिलेल्या कामाचा हिशेब

अर्ज लिहायला बसायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि असाइनमेंटचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा, हे मी घरी एकटी करू शकते की याला शाळा लागते. सगळी तारीख यावरच ठरते.

आपल्या उदाहरणात संविधान तक्ता, प्रश्नपत्रिका आणि आदर्श उत्तरसूची आजाराच्या आधीच झाली होती, मॅडमनी ३१ जुलैला तपासून सही पण केली होती. राहिलं काय तर चाचणी घेणं, ४२ पेपर तपासणं, विश्लेषण, उपचारात्मक पाठ, अहवाल आणि मार्गदर्शक शिक्षकांची सही. यातली चाचणी, उपचारात्मक पाठ आणि सही या तीन गोष्टींना शाळा उघडी लागते आणि आठवीचा तास मोकळा लागतो. पेपर तपासणं आणि विश्लेषण घरी रात्री बसूनही होतं.

म्हणून आधी शाळेत जाऊन तास मागा आणि मगच अर्जात तारीख लिहा. मुलं उलटं करतात, आधी "पाच दिवस द्या" लिहून मोकळे होतात आणि नंतर कळतं की त्याच आठवड्यात शाळेची स्वतःची चाचणी आहे किंवा सगळे तास १५ ऑगस्टच्या तयारीत गेलेत. मग दुसऱ्यांदा मुदत मागावी लागते आणि दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा खूप जड जातो.

तिने १३ तारखेला रुजू झाल्या झाल्या विज्ञानाच्या बाईंना आणि मुख्याध्यापकांना विचारलं. १५ ऑगस्टपर्यंत तास मिळणार नव्हता, आणि मुलांचा घटक शिकवून दोन आठवडे झाले होते म्हणून १७ ला एक तास उजळणी घ्यायची ठरली. चाचणीला १८ ऑगस्टचा तिसरा तास मिळाला. मग पुढचा हिशेब सरळ आहे. १९ आणि २० ला पेपर तपासायचे, २१ आणि २२ ला गुणांचा तक्ता आणि प्रश्ननिहाय विश्लेषण, म्हणजे कुठल्या प्रश्नाला किती मुलं चुकली ते. त्यात सगळ्यात जास्त चुकलेल्या भागावर २४ ला उपचारात्मक पाठ, २५ ला मार्गदर्शक शिक्षकांची सही, २६ ला अहवाल पक्का करायचा, २७ ला द्यायचा.

म्हणजे २० ऐवजी २७, सात दिवस. शाळेचे ९ दिवस गेले पण मागितले सातच, कारण अर्ध काम आधी झालेलं होतं. जितके दिवस आजारी तितके दिवस वाढवून द्या असं मागू नका, तो हिशेब कामाशी जुळत नाही. आणि अगदी काटेकोर कमीही मागू नका, आजारातून उठल्यावर पहिले काही दिवस थकवा असतो, चार तासिका घेऊन घरी आल्यावर रात्री सगळे पेपर एका दमात तपासून होत नाहीत. ४२ पेपरना दोन दिवस धरलेत ते म्हणूनच.

*तपासा: तुमच्या नव्या तारखेनंतर कॉलेजची अंतर्गत गुण भरायची तारीख किती लांब आहे? ऑफिसमध्ये विचारा. नवी तारीख त्याच्या पुढे जात असेल तर ती मार्गदर्शकांच्या हातात नसते, थेट प्राचार्यांशी बोलावं लागतं.*

या टप्प्यावर एक मोह होतो आणि त्याबद्दल स्पष्टच लिहिते. चाचणी न घेताच ४२ मुलांचे गुण मनाने भरायचे, आलेख काढायचा आणि वेळेत सबमिट करायचं. करू नका. मार्गदर्शक उत्तरपत्रिका मागतात, शाळेत फोन करतात आणि बनवलेले गुण ओळखूही येतात, सगळे मधे गोळा झालेले असतात, शून्य कोणाला नाही, त्या दिवशी गैरहजर कोणी नाही. सात दिवसांची मुदत मागणं यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

टप्पा ५: अर्ज लिहा

एक पान, त्याहून जास्त नको. विषयाच्या ओळीतच असाइनमेंटचं नाव, जुनी तारीख आणि नवी तारीख आली पाहिजे, म्हणजे मॅडमनी फक्त ती ओळ वाचली तरी काय हवंय ते कळतं. भाषा साधी ठेवा, कॉलेजमध्ये अर्ज मराठीत चालत असतील तर मराठीतच लिहा. हा नमुना:

> दिनांक: १३ ऑगस्ट
>
> प्रति,
> मा. मार्गदर्शक प्राध्यापिका (नाव),
> शालेय आंतरवासिता विभाग,
> (महाविद्यालयाचे नाव, गाव)
>
> विषय: घटक चाचणी अहवाल सादर करण्यास २० ऑगस्टऐवजी २७ ऑगस्टपर्यंत मुदत मिळण्याबाबत.
>
> महोदया,
>
> मी (पूर्ण नाव), बी.एड. द्वितीय वर्ष, हजेरी क्रमांक (...). माझी शालेय आंतरवासिता (शाळेचे नाव) येथे सुरू असून माझ्याकडे इयत्ता आठवी, विज्ञान हा विषय आहे.
>
> मला डेंग्यू झाल्यामुळे डॉक्टरांनी ३ ते १२ ऑगस्ट या काळात विश्रांती सांगितली होती. आपणास ३ ऑगस्टला मेसेजद्वारे कळवले होते. मी आज शाळेत पुन्हा रुजू झाले आहे.
>
> या काळात ५ ऑगस्टला ठरलेली घटक चाचणी घेता आली नाही. संविधान तक्ता, प्रश्नपत्रिका व उत्तरसूची आपण ३१ जुलैला तपासून दिली आहे. राहिलेले काम मी पुढीलप्रमाणे पूर्ण करणार आहे: चाचणी १८ ऑगस्ट, तिसरी तासिका (मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे), ४२ उत्तरपत्रिकांची तपासणी २० ऑगस्टपर्यंत, विश्लेषण २२ ऑगस्टपर्यंत, उपचारात्मक पाठ २४ ऑगस्ट, मार्गदर्शक शिक्षकांची सही २५ ऑगस्ट.
>
> तरी अहवाल २७ ऑगस्टला दुपारी १२ वाजेपर्यंत सादर करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. तयार असलेला भाग आपण सांगितल्यास २० ऑगस्टला दाखवीन. हजेरीबाबत मा. प्राचार्यांकडे स्वतंत्र अर्ज केला आहे.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (सही, नाव, मोबाईल क्रमांक)
>
> सोबत: १. वैद्यकीय व फिटनेस प्रमाणपत्राची छायाप्रत. २. चाचणीच्या तासिकेबाबत मुख्याध्यापकांची चिठ्ठी.
> प्रत: मा. प्राचार्य, माहितीसाठी.

यातलं "तयार असलेला भाग दाखवीन" हे वाक्य काढू नका. त्याने मॅडमना खात्री पडते की काम खरंच अर्धं झालंय, आणि बऱ्याचदा त्या सांगतात की नको, एकदमच आण. पण तयार काही नसेल तर हे वाक्य लिहू नका, कारण त्या मागू शकतात.

मुख्याध्यापकांची चिठ्ठी म्हणजे फार काही नाही, दोन ओळी आणि शाळेचा शिक्का, की १८ तारखेला आठवीचा तिसरा तास चाचणीसाठी दिला आहे. ही चिठ्ठी जवळजवळ कोणीच जोडत नाही. खरं तर सर्टिफिकेटच्या खालोखाल तीच उपयोगी पडते.

अर्जात येऊ नयेत अशा गोष्टी: बाकीच्या मुलामुलींना मुदत मिळाली होती हे, घरातल्या इतर अडचणी ज्यांचा या कामाशी संबंध नाही, शाळेने सहकार्य केलं नाही अशी तक्रार (असेल तर ती तोंडी आणि वेगळी सांगा), आणि "माझे वर्ष वाया जाईल" अशी वाक्यं. मैत्रिणीचा अर्ज उतरवून काढत असाल तर तारखा आणि क्रियापदं दोनदा वाचा, मुलाच्या अर्जात "आजारी होते" आणि खाली "आपली विश्वासू" असं बरेचदा येतं.

टप्पा ६: द्या आणि पोच घ्या

अर्ज जुन्या तारखेच्या आधी हातात पडला पाहिजे. आधी दिला तर ती मुदतवाढ असते, नंतर दिला तर तो उशीर माफ करण्याचा अर्ज होतो आणि उशिराचे गुण कापायची पद्धत असेल तिथे ते कापले जाण्याची शक्यता वाढते. रुजू झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्या. डॉक्टरांनी अजून उठू दिलं नसेल आणि तारीख जवळ आली असेल तर वाट बघत बसू नका, घरूनच ईमेल करा, सर्टिफिकेटचा स्वच्छ फोटो जोडा आणि नव्या तारखेच्या जागी लिहा की रुजू झाल्यावर शाळेचा तास ठरवून दोन दिवसांत नक्की तारीख कळवते. मूळ कागद नंतर दाखवा.

दोन प्रती काढा. एक ऑफिसमध्ये आवक करून मॅडमकडे जाईल, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन स्वतःकडे ठेवा. सर्टिफिकेटची मूळ प्रत मागितल्याशिवाय देऊ नका, हजेरीच्या अर्जालाही तीच लागणार असते.

मॅडम तोंडी "हो" म्हणाल्या तर आभार माना आणि तिथेच विनंती करा की तुमच्या प्रतीवर "२७ ऑगस्टपर्यंत मान्य" लिहून सही द्या. यात उद्धटपणा काही नाही. सत्राच्या शेवटी फाईल तपासायला दुसरेच प्राध्यापक बसतात, त्यांना तोंडी परवानगी माहीत नसते.

दोन दिवसात काही उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे विचारा. आणि उत्तराची वाट बघत काम थांबवू नका, १८ ची चाचणी ठरल्याप्रमाणे घ्याच. मुदत कमी मिळाली, समजा २४ पर्यंतच, तर उपचारात्मक पाठ २२ ला शनिवारच्या सकाळच्या शाळेत घेता येईल का ते लगेच बघा, त्यासाठी विश्लेषण २१ च्या रात्रीत उरकावं लागेल. आणि जमणारच नसेल तर त्याच दिवशी सांगा, २४ ला नाही.

टप्पा ७: नव्या तारखेला

अहवालाच्या फाईलमध्ये पहिल्या पानामागेच मंजूर अर्जाची प्रत लावा, मग सर्टिफिकेटची छायाप्रत, मग बाकी सगळं. चाचणीची तारीख अहवालात १८ ऑगस्ट हीच लिहा. जुन्या नियोजनात ५ ऑगस्ट असेल तर ती खोडून बदलू नका, शेजारी "आजारामुळे १८ ऑगस्टला घेतली" अशी नोंद करून मार्गदर्शक शिक्षकांची छोटी सही घ्या. पाठ टाचणाच्या वहीतही गैरहजेरीच्या दिवशी एकही पाठ घेतल्याची नोंद चुकून राहिलेली नाही ना ते बघा, आधीच लिहून ठेवलेली टाचणं तशीच तारखेसकट राहून जातात.

फाईल देताना सबमिशनच्या रजिस्टरमध्ये स्वतः सही करा आणि तारखेच्या रकान्यात २७ लिहिल्यावर शेरा म्हणून "मुदतवाढ मंजूर" आणि अर्जाचा आवक क्रमांक टाका.